धुवायचं नाही, उतरवायचं

रत्नागिरीजवळचं आमचं घर जूनपासून ऑगस्टपर्यंत बंद असतं. गणपतीच्या आधी आठवडाभर मी आणि आई जाऊन ते उघडतो, झाडतो, गाद्यांना ऊन दाखवतो. दोन वर्षांपूर्वी असंच कपाट आवरताना बाबांच्या म्युझिक सिस्टिमचा रिमोट सापडला. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेला. कागद सोडवायला गेलो तर तो सुटेना. ओढला तेव्हा फाटला आणि छपाईची शाई रिमोटच्या पाठीवरच राहिली. काळ्या पाठीवर बातमीची अर्धी ओळ उलट्या अक्षरांत उमटली होती.

आईने हातात घेऊन लगेच खाली ठेवला. म्हणाली, "अरे, याला गुळाचा पाक लागलाय का?" मग तिने घरात जे असतं ते सगळं करून पाहिलं. ओल्या फडक्याने पुसला, भांडी घासायच्या लिक्विडने पुसला, शेवटी चिमूटभर टाल्कम पावडर चोळली. पावडरने दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा बोटांना धरू लागला, आणि आता त्यावर पावडरीचे करडे लपकेही होते.

असा रिमोट बहुतेक घरांत असतो. रिमोट नसेल तर हँड ब्लेंडर, डिजिटल वजनकाटा, टॉर्च, छत्रीची मूठ किंवा थर्मासचा खालचा भाग असतो. विकत घेताना मखमलीसारखा लागलेला पृष्ठभाग काही वर्षांनी चिकट होतो. बहुतेक जण त्याला मळ समजतात आणि धूत बसतात. तिथेच चूक होते. वस्तूवर काहीतरी लागलेलं नसतं. वस्तूचा वरचा थरच विरघळल्यासारखा होत असतो. जो थर स्वतः बिघडला आहे तो कितीही धुतला तरी स्वच्छ होत नाही. तो पूर्ण उतरवावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्याच्याखाली अगदी ठणठणीत कडक प्लास्टिक असतं.

हा थर म्हणजे एक प्रकारचा रंग. कडक प्लास्टिकचं कवच साच्यातून निघालं की त्यावर पॉलियुरेथेनचा मऊ रंग फवारतात. जाडी माणसाच्या केसापेक्षाही कमी. त्याने हाताला रबराचा भास होतो, वस्तू निसटत नाही, साध्या प्लास्टिकची स्वस्त चमक झाकली जाते. आपण 'रबरी रिमोट' म्हणतो तेव्हा त्यात रबर फार तर बटणांत असतं. बाकी हा रंगच.

पॉलियुरेथेनचे अनेक प्रकार आहेत. मऊपणासाठी आणि कमी खर्चासाठी त्यातला पॉलिएस्टर जातीचा प्रकार बराच वापरला गेला. त्याच्या लांब साखळ्या ज्या कड्यांनी जोडलेल्या असतात, त्या कड्यांना पाण्याचं वावडं आहे. हवेतली वाफ हळूहळू थरात शिरते आणि एकेक कडी तोडते. कडी तुटली की तिथे थोडं आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढच्या कड्या तोडायला पाण्याला मदत करतं. म्हणून हा बिघाड आधी वर्षानुवर्षं दिसत नाही आणि एकदा दिसू लागला की झपाट्याने वाढतो. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की घट्ट, लवचीक थराचा घट्ट पाक होतो. आईला गुळाचा पाक आठवला तो उगाच नाही.

याला दमटपणा आणि उष्णता दोन्ही लागतात. जुलैत कोकणातल्या हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांच्या घरात असतो, आणि बंद कपाटात तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. हाताचा घाम, त्वचेचं तेल, हातांना लावायचं क्रीम यांचीही भर पडते. ही तेलं थरात मुरतात आणि त्याला आणखी मऊ करतात. म्हणून रोज वापरातला रिमोट अंगठा टेकतो तिथे आधी चिकटतो आणि न वापरलेला रिमोट सगळीकडून सारखा चिकटतो. आमच्या रिमोटची पाठ सर्वांत वाईट होती, कारण ती वर्षानुवर्षं दमट कागदाला टेकून होती.

हाच बिघाड तुम्ही दुसऱ्या रूपात पाहिलेला असेल. कपाटात जपून ठेवलेले चांगले बूट दोन-तीन पावसाळ्यांनी काढावेत आणि चार पावलं चालताच तळवा भुग्यासारखा गळून पडावा. त्या तळव्याचा फेसही पॉलियुरेथेनचा असतो आणि तोही वाफेनेच खचतो. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अनेक ध्वनिफितींनाही हाच आजार झाला. फितीवर चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा चिकट थर ओलाव्याने सुटला आणि फिती यंत्राच्या डोक्याला चिकटू लागल्या. ध्वनिसंग्रह सांभाळणारे लोक त्या फिती ५०-५५ अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत कित्येक तास ठेवतात. त्याने काही आठवडे फीत वाजवता येते आणि तेवढ्यात ती दुसरीकडे उतरवून घेतात. पण ती बरी होत नाही. म्हणूनच 'रिमोट चार दिवस उन्हात ठेव, सुकेल' हा सल्ला उपयोगाचा नाही. ओलावा उडून गेला तरी तुटलेल्या कड्या जुळत नाहीत, आणि आपल्याकडचं ऊन थर आणखी पातळ करतं.

हा दोष फक्त स्वस्त मालात असतो असंही नाही. १९९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही फेरारी गाड्यांमधली आतली बटणं याच कारणाने चिकट होतात. त्यांचे मालक ती काढून कारागिरांकडून थर उतरवून घेतात. त्या कारागिरांचं काम आणि आपलं काम मुळात एकच आहे.

थर उतरवण्याआधी तो थरच आहे ना, हे पाहायला हवं. यासाठी तीन साध्या परीक्षा पुरतात.

पहिली परीक्षा साबणाची, आणि ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंसाठी फार महत्त्वाची. गॅसजवळच्या डब्यांवर, लायटरवर, मिक्सरच्या पाठीवर जो चिकटा बसतो तो फोडणीच्या तेलाचा असतो. उडालेलं तेल उष्णतेने आणि हवेने आळून पिवळट, चिवट किटण होतं. वस्तू गरम पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने घासा, पूर्ण कोरडी करा आणि तासाभराने बोट लावा. कोरडी लागली तर ते किटण होतं आणि काम तिथेच संपलं. सिलिकॉनचे चमचे, उलथने चिकट लागतात तेही बहुधा तेलामुळेच. सिलिकॉन स्वतः असं विरघळत नाही. ते गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजवले की स्वच्छ होतात. पण धुऊन वाळवल्यावरही वस्तू बोटाला धरत असेल तर दोष तिच्या अंगातच आहे.

दुसरी परीक्षा नखाची. जिथे हात सर्वांत जास्त घासला जातो अशा कोपऱ्यावर पाहा. तिथे चिकट थर झिजून खाली गुळगुळीत, कडक, बहुधा वेगळ्या छटेचं प्लास्टिक दिसतंय का? नखाने ओरखडल्यावर बारीक काळी सुरळी निघतेय का? तर तो फवारलेला थर आहे आणि उतरवता येईल.

तिसरी परीक्षा दाबून पाहायची. अंगठ्याने दाबल्यावर मूठ खोलवर दबत असेल आणि कुठेच कडक प्लास्टिक लागत नसेल, तर ती मूठ मुळातच मऊ पदार्थाची ओतलेली आहे. सोलाणं, चाकू, डबा उघडायचं हत्यार यांच्या जाड मुठी बऱ्याचदा अशा असतात. हा पदार्थ मऊ राहावा म्हणून त्यात तेल मिसळलेलं असतं. वय झालं की ते तेल पाझरून वर येतं. इथे उतरवायला थर नसतो. जितकं पुसाल तितकं आतून पुन्हा येईल, आणि जोरकस द्रावक लावला तर मूठ फुगेल किंवा फाटेल. अशी मूठ साबणाने धुऊन, वाळवून, हलकी पावडर लावली तर काही आठवडे चालते. हात चिकट होऊन चाकू निसटेल किंवा मुठीचा काळा लगदा कणकेत जाईल अशी वेळ आली की वस्तू टाकून द्यावी. इथे जीव अडकवण्यात अर्थ नाही.

आमचा रिमोट पहिल्या दोन्ही परीक्षांत थराचाच निघाला. साबणाने फरक नव्हता आणि बॅटरीच्या झाकणाच्या कडेला नख लावताच सुरळी आली. आता हवा होता द्रावक.

या कामाला सर्वांत योग्य द्रावक म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणारे त्याला 'आयपीए' म्हणतात आणि सर्किट बोर्ड पुसायला रोज वापरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तुमच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते बाटलीत मिळतं. ९९ टक्क्यांचं मागा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं असेल तरी चालतं, पण त्यात उरलेलं पाणी असतं, त्यामुळे वेळ आणि घासणं दोन्ही वाढतात. हात धुवायचं सॅनिटायझर मात्र नको. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते स्वतःचा वेगळाच चिकटा मागे ठेवतं.

हे अल्कोहोल निवडण्याचं कारण असं की ते बिघडलेला मऊ थर सोडवतं, पण खालच्या एबीएस प्लास्टिकला थोड्या वेळात काही करत नाही. रिमोटची कवचं बहुतेक एबीएसचीच असतात. उलट नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन किंवा रंगाचा थिनर थर तर नेतोच, पण त्याबरोबर एबीएसही विरघळवतो. माझ्या एका मित्राने घाईत थिनर लावला आणि त्याच्या रिमोटवर स्वतःच्याच अंगठ्याचा ठसा कायमचा बसला. पेट्रोलही लावू नये. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला, म्हणजे खाचा आणि खिट्ट्यांजवळ, त्याने तडे जाऊ शकतात.

अल्कोहोललाही एक ठिकाण वर्ज्य आहे. रिमोटच्या टोकाशी जी गडद, पारदर्शक काच वाटते, किंवा वजनकाट्याच्या आकड्यांवरची खिडकी, ती बऱ्याचदा ॲक्रिलिकची असते. अल्कोहोलने ॲक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते परत जात नाही. त्या भागावर आधीच कागदी चिकटपट्टी लावा आणि तिथे फक्त साबणाचं पाणी वापरा.

दुसरी तयारी मी जवळजवळ विसरलो होतो. बटणांच्या बाजूला छापलेली अक्षरं बहुतेक वेळा या मऊ थरावर छापलेली असतात. थर गेला की तीही जातात. म्हणून आधी सर्व बाजूंनी स्पष्ट फोटो काढून ठेवा. आईला विचारलं, अक्षरं गेली तर चालेल का? ती म्हणाली, "मला चालू-बंद आणि आवाज एवढंच लागतं." आमचा प्रश्न तिथेच मिटला. पण घरात कोणी सगळी बटणं वापरत असेल तर हे आधी विचारून घ्यावं.

काम मी मागच्या पडवीत केलं. अल्कोहोलची वाफ खोलीतल्या साध्या तापमानालाही पेट घेते. म्हणून चालू गॅस, देवघरातलं निरांजन, उदबत्ती यांच्या जवळपासही हे करू नये. हवा खेळती असावी आणि हातात नायट्राइलचे मोजे असावेत, कारण अल्कोहोल त्वचेतलं तेल काढून घेतं आणि सुटलेला लगदा बोटांवरून सहज जात नाही.

बॅटऱ्या काढल्या. बॅटरीच्या खणात दोन स्क्रू होते, ते काढले. मग दोन कवचांच्या फटीत जुनं प्लास्टिकचं कार्ड घालून हळूहळू फिरवलं, तशा खिट्ट्या एकेक करून सुटल्या. लोखंडी पातं घातलं असतं तर कडा चेपल्या असत्या. आतून हिरवा सर्किट बोर्ड आणि बटणांची सिलिकॉनची चादर निघाली. ती दोन्ही बाजूला ठेवली. चादर साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, पण तिच्या मागचे काळे ठिपके घासले नाहीत. ते ठिपके बोर्डला टेकून वीज जोडतात. ते झिजले की बटण मेलं.

मग आतल्या बाजूला, जिथे कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, कापसाने अल्कोहोलचा थेंब लावला आणि मिनिटभर थांबलो. प्लास्टिक पांढरं पडलं नाही, नखाला मऊ लागलं नाही, चिकटलं नाही. म्हणजे पुढे जायला हरकत नव्हती. ही परीक्षा कधीही टाळू नका, कारण वरून पाहून प्लास्टिक ओळखता येतंच असं नाही.

पहिल्यांदा मी ओल्या फडक्याने पुसायला लागलो आणि चुकलो. थर सुटत होता, पण निघत नव्हता. तो कवचावरच पसरून काळा, ओशट लेप होत होता. असं झालं की लोक घाबरून काम सोडतात आणि वस्तू आधीपेक्षा वाईट दिसते. खरं तर त्याला भिजायला वेळ हवा असतो. मी दोन पेपर नॅपकिन अल्कोहोलने ओले केले, कवचाला गुंडाळले आणि झिपच्या पिशवीत घालून बंद केलं, म्हणजे अल्कोहोल उडून जाणार नाही. सात-आठ मिनिटांनी उघडलं तेव्हा थर सुरकुतला होता. बोटाने लोटला की भिजलेल्या कागदासारखा गोळा होऊन निघत होता. फार वेळ, तास-दोन तास, मात्र पिशवीत ठेवू नये. कोणतंही प्लास्टिक इतका वेळ द्रावकात बुडालेलं चांगलं नाही.

यानंतरची सगळी खुबी फडक्यात आहे. जुन्या सुती बनियनचे हातभर तुकडे करा. एका तुकड्याचा एक स्वच्छ भाग घ्या, ओला करा, एकाच दिशेने ओढा आणि लगेच घडी बदला. तोच भाग पुन्हा फिरवला तर आत्ता काढलेला लगदा परत लागतो. मला सात तुकडे लागले. मध्येच लगदा सुकून पुन्हा चिकटला तर खरवडायचा नाही, पुन्हा ओला करायचा. बटणांच्या भोकांच्या कडा आणि कवचाची खाच यांत लगदा अडकून बसतो. तिथे कान साफ करायची काडी आणि बोथट केलेला बांबूचा टूथपिक चालतो. सुरी किंवा ब्लेड नको, कारण ओल्या प्लास्टिकवर चरा सहज पडतो आणि थर गेल्यावर तो लपत नाही.

पाऊण तासात दोन्ही कवचं स्वच्छ झाली. ४० मिलिलिटरच्या आसपास अल्कोहोल लागलं असेल. काम पुरं झालं की नाही हे ओळखायची खूण अशी : पांढरं फडकं ओलं करून शेवटचा हात फिरवावा आणि ते पांढरंच राहावं. नंतर कवचं साबणाच्या पाण्याने धुतली, रात्रभर वाळवली आणि सकाळी जोडली. खालचं प्लास्टिक काळं, किंचित चमकदार आणि टणक निघालं. काही रिमोटवर मऊ थराच्या खाली चंदेरी किंवा राखाडी रंगाचा आणखी एक हात असतो. तो ठिकठिकाणी निघून चट्टे दिसले तर एकच उपाय : तोही पूर्ण काढायचा.

वापरलेली फडकी ओली असताना स्वयंपाकघराच्या कचऱ्यात टाकू नका. ती बाहेर उघड्यावर पसरून वाळू द्या, मग टाका. लगदा मोरीतही धुऊ नका, तो नळीत जाऊन पुन्हा चिकटतो.

त्याच आठवड्यात मावशीने तिचा हँड ब्लेंडर आणून दिला. त्याचा राखाडी वरचा भाग इतका चिकट झाला होता की ओट्यावरचं पीठ त्याला कायमचं लागलं होतं. इथे पद्धत थोडी बदलावी लागते. आत मोटर आहे, ती उघडायची नाही आणि भिजवायचीही नाही. आधी प्लग काढला, खालचा स्टीलचा दांडा वेगळा केला. नॅपकिन गुंडाळायची युक्ती वापरली, पण नॅपकिन पिळून घेतले, थेंब गळणार नाहीत इतके. हवा जायच्या फटी वरच्या बाजूला येतील असा ब्लेंडर धरला आणि त्या फटींवर पट्टी लावली. बटणाचं मऊ रबर थराचं नव्हतं, ओतलेलं होतं. त्यावर अल्कोहोल न लावता फक्त साबणाचं फडकं फिरवलं. शेवटी सगळा भाग साबणाच्या आणि मग साध्या ओल्या फडक्याने पुसला आणि एक पूर्ण दिवस न वापरता ठेवला. आत चुकून गेलेली वाफ निघून जायला हवी, कारण मोटर चालू होताना ठिणगी पडते.

मोटर किंवा बॅटरी नसलेल्या वस्तूंना, म्हणजे थर्मासचं बूड, डब्याचं झाकण, चाळणीची कडक मूठ यांना, अल्कोहोल मिळत नसेल तर खाण्याचा सोडा चालतो. तीन चमचे सोड्यात एक चमचा पाणी घालून केलेला दाट लेप दहा मिनिटं लावून ठेवावा आणि जुन्या टूथब्रशने गोल घासावा. सोडा इथे मुख्यतः बारीक खरखरीत कणांचं काम करतो, सैल झालेला थर खरवडून नेतो. दोन-तीन वेळा करावं लागतं आणि हात दुखतो. पण वास नाही, आगीचं भय नाही. थर नुकताच चिकटू लागला असेल आणि अजून घट्ट धरून असेल तर सोड्याने फारसं होणार नाही. रिमोटवर मात्र हा लेप लावू नये. तो फटींतून आत जातो आणि वाळून बटणांखाली बसतो.

थर उतरवल्यावर वस्तू हातात निसटते अशी तक्रार येते. पुन्हा तसाच मऊ रंग मारण्याचा विचार करू नका, तोही कालांतराने त्याच वाटेने जाईल. रिमोटला सिलिकॉनचं कव्हर घालता येतं. पण आपल्याकडे नवा रिमोट आला की त्यावर जे पारदर्शक, मऊ प्लास्टिकचं कव्हर चढवतात, ते बऱ्याचदा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला तेलकट पदार्थ वर्षानुवर्षं टेकून राहिला की एबीएसमध्ये उतरतो आणि त्याला मऊ, चिकट करतो. थर काढून मोकळ्या केलेल्या प्लास्टिकवर हे कव्हर घालणं म्हणजे एक चिकटा काढून दुसऱ्याला आणून बसवणं आहे. याच कारणासाठी जुन्या वायरींची मऊ वेटोळीही रिमोटला टेकवून खणात ठेवू नयेत.

ज्या वस्तू अजून चिकटल्या नाहीत त्यांचं आयुष्य मात्र वाढवता येतं. बंद राहणाऱ्या घरातल्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नका. बॅटऱ्या काढा, वस्तू कोरड्या फडक्याने पुसा म्हणजे घाम आणि तेल राहणार नाही, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या दर पावसाळ्याआधी नव्या घाला. ओलावा कमी म्हणजे कड्या तुटण्याचा वेग कमी. आम्ही आता लाडूचा एक जुना डबा फक्त याच कामासाठी ठेवला आहे.

हा दोष कारखान्यातही माहीत आहे. पाण्याला जास्त काळ दाद न देणारी पॉलियुरेथेनची जात आहे आणि तिचा रंगही बनतो, पण तो महाग पडतो. दुकानात वस्तू हातात घेतल्यावर कोणता रंग मारलाय हे कोणालाच सांगता येत नाही, विक्रेत्यालाही नाही. म्हणून पुढच्या वेळी ब्लेंडर, वजनकाटा किंवा टॉर्च घेताना अंगठा फिरवून पाहा. मखमलीसारखं मऊ लागलं तर ते ठेवून द्या आणि शेजारचं साधं, कडक, उघड्या प्लास्टिकचं घ्या. दमट हवेत राहणाऱ्यांसाठी तेच अधिक टिकाऊ आहे.